धावायच्या बुटांच्या कार्डावर आम्ही काय लिहिलं

अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या एका गावातून आमचा बचत गट तुमच्याशी बोलतोय. आमच्या गटाचं एक छोटं दुकान आहे. पापड, कुरडया, वह्या, साबण असं सगळं तिथे मिळतं. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही धावायचे बूटही ठेवतो. कारण तुम्हाला माहीत आहे. पहाटे पाचला धुळ्याच्या रस्त्याला उभं राहिलं, तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली ओळीने पळताना दिसतात. मैदानी परीक्षेत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळाही फेकायचा असतं. तालुक्याच्या दुकानातले महागडे बूट त्यांना परवडत नाहीत, आणि चपलेवर कोणी ८०० मीटर पळत नाही.

आज आम्ही बूट विकायला आलेलो नाही. बूट विकताना आमचं काय चुकलं आणि मग आम्ही त्या बुटाबद्दल काय लिहायला लागलो, ते सांगायचं आहे. कंपनीचं नाव आम्ही घेणार नाही. बूट साडेसातशे रुपयांचा आहे आणि त्याच्यासारखे बरेच बाजारात आहेत, म्हणून जे सांगतो ते तुमच्या गावच्या दुकानातही उपयोगी पडेल.

सुरुवातीला आम्ही खोक्यावर छापलेलंच गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकत होतो. "एकदम मऊ, हलका, सगळ्यांसाठी." सोबत फोटो. लगेच चार-पाच जोड गेले. त्यातला एक जोड आमच्याच एका ताईंच्या मुलीने घेतला. तिची चप्पल चार नंबरची, म्हणून आम्ही चार नंबरचा बूट दिला. घालून बघितला तर आला. पायात येतो म्हणजे बसतो, असं आम्हाला वाटलं. दहा दिवसांनी ती दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, बूट अंगठाले लागस." आम्ही म्हटलं, नवा आहे, सैल होईल. तो झाला नाही. मैदानी परीक्षा नऊ दिवसांवर असताना तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि मुळाशी सुजलं. ती परीक्षेला जुने फाटके बूट घालून गेली. दोन वर्षांची मेहनत, आणि शेवटच्या आठवड्यात तिला सरावच करता आला नाही. त्या मुलीने आम्हाला एक शब्दही वाकडा बोलला नाही, पण त्या महिन्याच्या बैठकीत आमच्यापैकी कोणालाच मान वर करता येईना. बूट खोक्यावर लिहिल्यासारखाच होता. "सगळ्यांसाठी" हा शब्द मात्र आमचा होता, आणि नंबरही आम्हीच काढून दिला होता.

तेव्हा ठरलं की विकायचं तर आधी आपण बूट समजून घ्यायचा, आणि जे समजेल तेवढंच लिहायचं.

पहिलं काम आम्ही विळीवर केलं. एक जुना, झिजलेला बूट मधोमध उभा कापला. आत तीन थर दिसले. सगळ्यात खाली जमिनीला लागणारा रबराचा पातळ थर. तो पूर्ण तळाला नव्हता, फक्त टाचेखाली आणि चवड्याखाली चिकटवलेले तुकडे होते. मधे फोमचा जाड थर, म्हणजे खरी गादी. या फोमला ईव्हीए म्हणतात. त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात, पाय आपटला की ते दबतात आणि पुन्हा फुगतात. सगळ्यात वर पायाला लागणारा सुखतळा, जो बोटाने ओढला की बाहेर येतो. गंमत अशी की दुकानात आपण बूट घालून "किती मऊ!" म्हणतो, ते बहुतेक या सुखतळ्यामुळे. तो दोन महिन्यांत चपटा होतो. धावताना पाय सांभाळतो तो मधला फोम.

मग आम्ही दुकानातले दोन बूट शेजारी ठेवले. दिसायला जुळे. वाणसामानाच्या काट्यावर एक २४० ग्रॅम भरला, दुसरा ३४० ग्रॅम. जड बुटाचा तळ फोमचा नव्हताच, तो ओतीव प्लास्टिकचा होता. त्याला पीव्हीसी म्हणतात. शाळेच्या काळ्या बुटाला असतो तसा. तो झिजत नाही, वर्षभर टिकतो, पण धक्का शोषत नाही. रोज चालायला ठीक, डांबरावर पळायला नाही. तुम्हाला काटा नको असेल तर अंगठा पुरे. टाचेच्या बाजूने फोममध्ये अंगठा जोरात दाबा. दगडासारखा लागला तर तो धावायचा नाही. थोडा दबून लगेच वर आला तर चांगला. अंगठा खोल गेला आणि खड्डा तसाच राहिला, तर तो फोम इतका मऊ आहे की थोड्या दिवसांत एका बाजूला बसेल आणि घोटा वाकडा पडायला लागेल.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मऊ म्हणजे चांगला असं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात आहे. कापसाची गादी फार मऊ असली की सकाळी कंबर धरते, तसंच बुटाचंही असतं. गादी जमिनीचा धक्का कमी करते, पण नडगी दुखणं थांबवत नाही. ज्या मुली पहिल्या आठवड्यातच दोन किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर जातात, त्यांची नडगी महागातल्या बुटातही दुखते. म्हणून आमच्या कार्डावर "पाय दुखणार नाहीत" असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणखी एक बघायचं. बूट हातात धरून पुढचं टोक वर वाकवा. तो चवड्याजवळ, बोटं मुडपतात तिथे वाकला पाहिजे. मधेच दुमडला तर पायाच्या कमानीला आधार नाही. आणि टाचेची मागची वाटी दोन बोटांत दाबा. ती लगेच चेपली तर धावताना टाच आत डगमगते. आमचा साडेसातशेचा बूट वाकतो बरोबर जागी, वाटी मात्र थोडी नरम आहे. हेही आम्ही कार्डावर लिहिलं.

आता मापाकडे येतो, कारण आमची खरी चूक तिथेच झाली होती.

माप संध्याकाळी घ्यायचं. दिवसभर उभं राहून, शेतात फिरून पाय थोडा फुगतो, आणि धावतानाही तो फुगतोच. जमिनीवर कागद ठेवा, कागदाची कड भिंतीला लावा. टाच भिंतीला टेकवून सरळ उभ्या राहा, पूर्ण वजन त्या पायावर. दुसरीने पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात पुढच्या बोटाशी खूण करायची. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा अंगठाच पुढे असेल असं धरू नका. मग पूर्ण पायाभोवती रेघ ओढा. दोन्ही पायांचं माप घ्या, आणि जो पाय मोठा तोच खरा.

त्या मुलीचं माप आम्ही नंतर घेतलं. डावा पाय २३.६ सेंटिमीटर, उजवा २३.९. मग चार नंबरच्या बुटातला सुखतळा ओढून काढला आणि पट्टीने मोजला. बरोबर २४ सेंटिमीटर. म्हणजे उजव्या पायाच्या पुढे एक मिलिमीटर जागा. उभं राहिलं तर बूट बसतो. पण धावताना प्रत्येक पावलाला पाय आत थोडा पुढे सरकतो, आणि त्या एका मिलिमीटरनंतर अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. एका किलोमीटरमध्ये हजाराच्या आसपास पावलं पडतात, त्यातली निम्मी त्या पायाची. नख काळं पडेल नाही तर काय होईल? काळं नख म्हणजे नखाखाली साकळलेलं रक्त.

धावायच्या बुटात बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी लागते. तिच्या २३.९ मध्ये एक मिळवला की २४.९. आपल्याकडच्या नंबरात एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. पाच नंबरचा सुखतळा आम्ही मोजला, तो २४.८ भरला. म्हणजे तिला पाच नंबर हवा होता. चप्पल चार नंबरची असणं चूक नव्हतं. चपलेला पुढे भिंत नसते, त्यामुळे बोट टोकाला आलं तरी चालतं. बुटाला भिंत असते.

प्रत्येक कंपनीचा नंबर सारखा नसतो, हेही तेव्हाच कळलं. म्हणून आता आम्ही नंबर विचारतच नाही. सुखतळा काढून देतो, त्यावर उभं राहायला सांगतो. पुढे एक बोट जागा आहे का ते बघायचं, आणि करंगळीच्या बाजूने पाय सुखतळ्याबाहेर सांडतोय का तेही बघायचं. आपल्या बायकांचे पाय लहानपणापासून अनवाणी आणि चपलेत वाढलेले, चवडा पसरट असतो. मुलींचे म्हणून विकले जाणारे बरेच बूट तिथेच अरुंद असतात. पाय बाहेर सांडत असेल तर नंबर वाढवू नका. लांबी वाढते, टाच निसटायला लागते आणि मागे फोड येतो. त्याऐवजी मुलग्यांच्या बुटात त्याच लांबीचा घालून बघा, तो बहुधा रुंद असतो. रंग निळा-काळा मिळेल, एवढंच.

हे सगळं करून आम्ही एक कार्ड लिहिलं. ते बुटाच्या खोक्याला दोऱ्याने बांधलेलं असतं आणि व्हॉट्सॲपवर फोटोच्या आधी तेच जातं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवतो. आज तुम्हालाही वाचून दाखवतो.

"किंमत ७५० रुपये. पाच नंबरचा एक बूट २४० ग्रॅम. वर जाळीचं कापड, हवा खेळते, पाणी आणि धूळही आत जाते. मधला फोम टाचेखाली जाड, पुढे पातळ. गादी मध्यम आहे, फार मऊ नाही. खाली रबर फक्त टाचेला आणि चवड्याला. ओल्या फरशीवर आणि चिखलात घसरतो. टाचेची वाटी थोडी नरम.

माप : लांबीला नंबराप्रमाणे, चवड्याला थोडा अरुंद. पसरट पायाला लागेल. सुखतळ्यावर उभं राहून बघितल्याशिवाय घेऊ नका. ज्या मोज्यात धावणार तेच मोजे घालून या.

कोणाला चालेल : नव्याने धावायला लागलेल्या मुलींना, रोज तीन ते पाच किलोमीटर, मैदानावर, मुरमाच्या किंवा डांबरी रस्त्यावर. रोज चालायला जाणाऱ्या बायकांना. गावभर फिरणाऱ्या आशाताईंना उन्हाळ्या-हिवाळ्यात.

कोणाला चालणार नाही : कबड्डी, खो-खोला नाही, कारण बाजूला वळताना पाय आत सरकतो. शेतातल्या कामाला नाही. रोज दहा-बारा किलोमीटर पळणाऱ्यांना नाही, त्यांच्यासाठी फोम कमी पडतो. अंगाने जड असलेल्यांना चालेल, पण फोम लवकर बसेल. मधुमेह असून पायाला बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय आम्ही देणार नाही.

घरात, कोरड्या फरशीवर घालून बघा. सात दिवसांत लागला तर बदलून देऊ. रस्त्यावर वापरलेला बदलणार नाही."

मधुमेहाचं वाक्य लिहिताना बैठकीत बराच वेळ गेला. एका ताई म्हणाल्या, गिऱ्हाईक आपल्या दारात आलं आणि आपणच परत पाठवायचं? पण पाय बधिर असला की बूट लागतोय हे कळतच नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि मोजा काढल्यावर दिसतो. त्या मुलीला निदान दुखलं, म्हणून ती सांगायला तरी आली. ज्या बाईला दुखणारच नाही ती काय सांगणार? ते वाक्य राहिलं.

कार्डाच्या मागच्या बाजूला बूट किती चालेल ते आहे. कंपनी हे खोक्यावर लिहीत नाही. धावायचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असं धरतात. स्वस्त फोमला आम्ही खालचाच आकडा धरतो. मुलगी आठवड्यात सहा दिवस पाच किलोमीटर पळाली तर आठवड्याचे ३० किलोमीटर. ५०० किलोमीटर सतरा आठवड्यांत होतात, म्हणजे चार महिने. वरचं कापड तेव्हा नवंच दिसतं, म्हणून आईला वाटतं पोरीला उगाच नवा बूट पाहिजे. पण बाजूने फोम बघा. आडव्या सुरकुत्या पडल्या असतील आणि त्या रात्रभर ठेवूनही जात नसतील, तर गादी संपली. बूट सपाट ओट्यावर ठेवून मागून बघा. आत किंवा बाहेर कललेला असेल तर तोही संपला. असा बूट टाकू नका, बाजारहाटाला वापरा. धावायला नको. आणि परीक्षेची तारीख कळली की नवा जोड निदान तीन आठवडे आधी घ्या. कोऱ्या बुटात परीक्षा देऊ नका.

शेवटचं, आपल्या खान्देशातल्या उन्हाबद्दल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या आसपास जातो. बूट धुऊन पत्र्यावर वाळत घातला की तळाचा डिंक सुटतो, फोम आक्रसतो. दोन-तीन जोडांचे तळ आमच्याकडे असेच सुटून आले होते. बूट ब्रशने, साध्या पाण्याने धुवा, सुखतळा वेगळा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. घेतानाही खोक्यावर छापलेला बनवल्याचा महिना आणि वर्ष बघा. फार जुना माल असेल तर डिंक दुकानातच म्हातारा झालेला असतो. आमच्याकडे मागच्या वर्षी एक खोकं स्वस्तात येत होतं, महिना बघितला आणि परत पाठवलं.

कार्ड लावल्यावर पहिले दोन महिने बूट कमी विकले गेले, हे लपवत नाही. काही बायका कार्ड ऐकून "मग नको" म्हणून गेल्या. त्यांतल्या एकीला पीव्हीसीचा साधा बूटच पुरेसा होता, तो तिने साडेतीनशेला घेतला. बदलून द्यायला येणारे जोडही कमी झाले. परत आलेला प्रत्येक जोड आम्ही वहीत लिहितो : नंबर, पायाचं माप, कुठे लागला. त्याच वहीतून "चवड्याला अरुंद" हे कार्डावर आलं. ते आम्हाला कंपनीने सांगितलं नव्हतं, लागोपाठ परत आलेल्या सहा जोडांनी सांगितलं.

मागच्या महिन्यात त्याच ताईंची धाकटी मुलगी दुकानात आली. हातात वहीचं पान, त्यावर दोन्ही पायांच्या रेघा ओढलेल्या, बाजूला बहिणीच्या अक्षरात लिहिलेलं : डावा २४.२, उजवा २४.१, संध्याकाळी घेतलं. आम्ही पाच नंबरचा सुखतळा तिच्या हातात दिला. तिने तो जमिनीवर ठेवला, त्यावर उभी राहिली, खाली बघितलं आणि म्हणाली, "सहा द्या."

तुमच्या गावात धावणाऱ्या मुली असतील तर आज संध्याकाळी कागद आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या पायांचं माप घ्या. आमचं बोलणं इथेच थांबवतो. रामराम.